चावा तोंडाचा, लागण विष्ठेतून

आमच्या विभागातल्या सेमिनारला निवासी डॉक्टरांना दहा मिनिटं मिळतात. या वेळी एका विद्यार्थिनीने शागास रोगाचा विषय घेतला होता. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ट्रायटोमाइन जातीचे रक्त पिणारे किडे ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी माणसापर्यंत कसा पोचवतात, हे तिला सांगायचं होतं. तिने नेटकं सांगितलं. किडा रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पितो आणि पिता पिता किंवा पिऊन झाल्यावर तिथेच विष्ठा टाकतो. परजीवी त्या विष्ठेत असतो. माणूस झोपेत खाजवतो आणि विष्ठा चाव्याच्या जखमेत किंवा डोळ्यात जाते. किड्याच्या लाळेत हा परजीवी नसतो, म्हणून नुसत्या चाव्याने लागण होत नाही.

व्याख्यान संपल्यावर मेडिसिनच्या सरांनी एक प्रश्न विचारला आणि कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी त्याचं उत्तर दिलं. पुढे ती चर्चा व्याख्यानापेक्षा लांबली. परजीवी कुठल्या वाटेने येतो हा प्रश्न परीक्षेपुरता आहे असं मानणाऱ्यांपैकी मीही आहे की काय, असं ऐकताना वाटत राहिलं. म्हणून ती चर्चा जमेल तशी इथे उतरवली आहे.

सर: व्याख्यान चांगलं झालं, पण माझी एक शंका आहे. किडा चावला नाही तर तो अंगावर विष्ठाही टाकणार नाही. म्हणजे सुरुवात चाव्यानेच होते. मग रुग्णाला ‘किड्याच्या चाव्याने आजार होतो’ असं सांगितलं तर काय बिघडलं? उपाय दोन्हीकडे एकच, किड्याला घराबाहेर ठेवा. हा भेद म्हणजे एका मार्काचा प्रश्न आहे, त्यापलीकडे काही नाही असं मला वाटतं.

मॅडम: सर, हा भेद ज्यांच्या नजरेतून सुटला ते खुद्द या रोगाचा शोध लावणारे होते. कार्लोस शागास १९०७ साली ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात लासांस नावाच्या गावी गेले. तिथे रेल्वेचं काम चालू होतं आणि मजुरांमधला हिवताप आवरायला त्यांना पाठवलं होतं. मातीच्या कुडाच्या घरांत रात्री चेहऱ्याला चावणारा एक किडा असतो, हे त्यांना एका रेल्वे इंजिनियरने दाखवलं. लोक त्याला ‘बार्बेइरो’ म्हणजे न्हावी म्हणत. शागास यांनी किड्याचं पोट फाडलं तेव्हा त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात शेपटीवाले परजीवी वळवळताना दिसले.

सर: म्हणजे पहिल्यांदा दिसले ते आतड्यातच.

मॅडम: हो, आणि शेवटच्या भागात. त्यांनी ते किडे रिओला ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे पाठवले. तिथे ते छोट्या माकडांना चावू दिले आणि काही आठवड्यांनी माकडांच्या रक्तात परजीवी दिसले. १९०९ च्या एप्रिलमध्ये शागास यांना लासांसमध्येच बेरेनिसी नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच परजीवी सापडला. किडा, परजीवी, प्राणी आणि माणूस, सगळे दुवे एकाच माणसाने जोडले. फक्त एक दुवा चुकला. परजीवी चाव्यातून जातो असं त्यांनी मानलं.

सर: त्या काळी तसं वाटणं स्वाभाविक होतं. डास चावतो आणि त्याच्या लाळेतून हिवताप येतो, हे नुकतंच सिद्ध झालं होतं. शागास स्वतः हिवतापाचेच डॉक्टर.

मॅडम: अगदी बरोबर. आणि माकडाच्या प्रयोगातून या प्रश्नाचा निकाल लागत नव्हता. पिंजऱ्यात माकड आहे आणि अंगावर किडा. माकड त्याला खाईल, चिरडेल, अंग खाजवेल. लागण झाली एवढं कळतं, वाट कळत नाही. ती वाट १९१२ साली फ्रेंच परजीवीतज्ज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी दाखवली. डोळ्याच्या धडधाकट श्लेष्मल त्वचेतून हा परजीवी आत शिरतो हे त्यांनी सिद्ध केलं. तिथे चावा नव्हताच, जखमही नव्हती. पुढे वीसेक वर्षांनी अर्जेंटिनात सेसिलिओ रोमान्या यांनी रुग्णांच्या एकाच डोळ्याच्या पापणीची ती प्रसिद्ध सूज वर्णन केली. ही सूज दोन्ही डोळ्यांना येत नाही. ज्या डोळ्यात विष्ठा चोळली गेली, तिथेच येते.

(इथे विद्यार्थिनीने विचारलं की रोमान्याचं चिन्ह तर आम्ही निदानाची खूण म्हणून पाठ करतो, ते मार्गाचा पुरावाही आहे का. मॅडम म्हणाल्या, दोन्ही आहे. मला मात्र तिचा प्रश्नच जास्त आवडला. पाठ केलेल्या खुणेमागे कारण असतं, हे तिला तिथल्या तिथे उमगलं होतं.)

सर: इतिहास पटला. पण माझा मुद्दा अजून तसाच आहे. मार्ग कळला, त्याने पुढे काय फरक पडला?

मॅडम: हिशोब बदलला. मी किड्याच्या पोटापासून सांगते. ऱ्होडनियस प्रोलिक्सस घ्या. व्हेनेझुएला आणि कोलंबियात हा मोठा वाहक आहे. त्याचं पाचव्या अवस्थेतलं पिल्लू, म्हणजे पंख फुटण्याआधीचं शेवटचं, वजनाने साधारण ३० मिलिग्रॅम असतं. एका बैठकीत ते सुमारे ३०० मिलिग्रॅम रक्त पितं.

सर: स्वतःच्या दहापट?

मॅडम: दहापट. पोट फुग्यासारखं ताणलं जातं. हालचाल करणंही अवघड, पळणं तर दूरच. रक्तातलं बरंचसं पाणी आणि मीठ त्याला लगेच बाहेर टाकावं लागतं. पिणं चालू असतानाच शरीरात संप्रेरकांचा इशारा जातो आणि मूत्रनलिका जोराने पाणी उपसायला लागतात. पुढच्या काही तासांत प्यायलेल्या रक्ताचं जवळजवळ निम्मं वजन लघवीवाटे निघून जातं. कीटकांच्या शरीरक्रियेचं बरंच ज्ञान विन्सेंट विगल्सवर्थ यांनी लंडनमध्ये याच किड्यावर प्रयोग करून मिळवलं, ते या विलक्षण पोटामुळेच.

सर: आणि परजीवी या वाहत्या पाण्यात कुठे बसलेला असतो?

मॅडम: गुदाशयात. तेच त्याचं घर. रक्ताबरोबर पोटात आलेला परजीवी आधी मधल्या आतड्यात रूप बदलून विभाजित होत राहतो. मग मागे सरकून गुदाशयाच्या अस्तराला आपल्या शेपटीने चिकटून बसतो. तिथेच त्याचं शेवटचं रूप तयार होतं. त्याला मेटासायक्लिक म्हणतात. सस्तन प्राण्याच्या पेशीत शिरू शकणारं किड्यातलं रूप हेच. हे रूप अस्तरापासून सुटून मोकळं फिरतं. पोटभर रक्त प्यायल्यावर लघवीचा जो लोंढा येतो, तो गुदाशय धुऊन काढतो. पहिल्या थेंबांत जुन्या रक्ताचा काळा मळ असतो, नंतरचे थेंब स्वच्छ होत जातात आणि त्या थेंबांमध्येही मेटासायक्लिक भरपूर असतात. तेव्हा आपण ‘विष्ठा’ म्हणतो त्यात लघवीही धरा. परजीवीला बाहेर पडायला याहून सोयीची वेळ नाही. किडा माणसाच्या अंगावर आहे, शेजारी ताजी जखम आहे आणि आतून पूर येतोय.

सर: लाळेत काही नाहीच?

मॅडम: लाळेत पुष्कळ काही आहे, पण हा परजीवी नाही. रक्त गोठू नये, रक्तवाहिनी रुंद व्हावी, चावा जाणवू नये, यांसाठी लागणारी रसायनं लाळेत असतात. म्हणून माणूस दहा-वीस मिनिटं शांत झोपून राहतो. लाळ किड्याला वेळ मिळवून देते, आणि त्या वेळेत मागचं काम होतं. लाळेची आणखी एक भर म्हणजे खाज. काही वेळाने चाव्याची जागा खाजते आणि माणूसच विष्ठा जखमेत चोळतो.

सर थोडा वेळ गप्प होते. त्यांनी पुढे जो आक्षेप घेतला, तो माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात चांगला होता.

सर: मग ही वाट फारच कच्ची आहे. विष्ठा योग्य जागी पडायला हवी, ओली असताना चोळली जायला हवी, आणि धड त्वचेतून तर परजीवी शिरतच नाही. डासाच्या मानाने हा अगदीच नेम नसलेला प्रकार. तुमच्या मार्गात इतक्या अडचणी असतील तर लाखो लोकांना हा आजार झाला कसा?

मॅडम: हाच प्रश्न २०१३ साली पिएर नुव्हेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडला. लॅटिन अमेरिकेतल्या वेगवेगळ्या पाहण्यांची माहिती घेऊन त्यांनी काढलं की संसर्गित किड्याशी एका संपर्कात लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण ५.८ आहे. अंदाजातली अनिश्चितता धरली तर ९०० ते ४००० संपर्कांमागे एक लागण.

सर: सतराशे चाव्यांना एक! मग मी बरोबर आहे. वाट कच्ची आहे.

मॅडम: कच्ची आहेच. आता त्या घरात जाऊ. बोलिव्हियातलं किंवा अर्जेंटिनाच्या चाको भागातलं विटामातीचं घर. भिंतीला भेगा, वर गवताचं छप्पर, कोंबड्या आणि कुत्री आतबाहेर. ट्रायटोमा इन्फेस्टन्स अशा घरात शेकड्यांनी राहतो. समजा एका माणसाला रोज रात्री दोन संसर्गित किडे चावतात. वर्षाचे ७३० संपर्क झाले. दर संपर्काला दहा हजारांत ५.८ धरा. वर्षभर वाचण्याची शक्यता निघते साधारण ६५ टक्के, म्हणजे वर्षात लागण होण्याची शक्यता ३५ टक्के. मूल त्या घरात पाच-सहा वर्षं झोपलं की बहुतेक लागण झालीच.

सर: आणि आठवड्याला एकच चावा असेल तर?

मॅडम: वर्षाला ३ टक्के. दहा वर्षांत साधारण २६ टक्के. दोन घरांतला फरक किडा चावतो की नाही हा नाही. किती किडे, किती रात्री, किती वर्षं, यावर सगळं आहे. वाट विष्ठेची असल्यामुळे हा आजार सतत किड्यांबरोबर राहणाऱ्या घरांचा झाला. एका रात्रीच्या पाहुण्याचा तो झाला नाही. डासाच्या हिवतापाबद्दल मी असं म्हणणार नाही.

हा हिशोब फळ्यावर लिहिताना मॅडमनी ‘समजा’ हा शब्द दोनदा अधोरेखित केला. रात्रीचे दोन चावे हा त्यांनी घेतलेला आकडा आहे, मोजलेला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण असे आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना ‘समजा’ गळून पडतं.

सर: ठीक. मग जातीजातींत फरक पडायला हवा. विष्ठा उशिरा टाकणारा किडा कमी धोक्याचा.

मॅडम: आता तुम्हीच माझं व्याख्यान देताय. ऱ्होडनियस आणि ट्रायटोमा इन्फेस्टन्स पिता पिता किंवा उठता उठता विष्ठा टाकतात. कॅलिफोर्नियातला ट्रायटोमा प्रोट्रॅक्टा बहुधा यजमानापासून दूर गेल्यावर, वीस-तीस मिनिटांनी टाकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत किडे आहेत. टेक्सासात गोळा केलेल्या किड्यांत निम्म्याच्या आसपास परजीवी आढळल्याच्या नोंदी आहेत. तरी तिथे किड्यापासून माणसाला झालेली लागण क्वचितच सापडते.

सर: इथे मात्र मी तुम्हाला अडवणार. टेक्सासातल्या घरांना भेगाळलेल्या मातीच्या भिंती नाहीत. खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि तिथल्या जाती घरात वस्ती करत नाहीत. विष्ठा लगेच टाकली असती तरी लागण कमीच राहिली असती. सगळं श्रेय वेळेला कसं देता?

मॅडम: सगळं देता येत नाही, मान्य. मी तुम्हाला आणखी एक अडचण सांगते. मध्य अमेरिकेतला ट्रायटोमा डिमिडिएटा ऱ्होडनियसच्या मानाने विष्ठा उशिरा टाकतो, तरीही तिथे तो महत्त्वाचा वाहक आहे. कारण तो घरात येतो आणि संख्येने पुरेसा असतो. विष्ठेची वेळ हा गुणाकारातला एक आकडा आहे. दुसरा आकडा मोठा असला तर पहिला लहान असूनही गुणाकार मोठा येतो. पण पहिला शून्य झाला तर दुसऱ्याला काही किंमत नाही.

सर: त्याचा पुरावा? वाट विष्ठेचीच आहे, चाव्याची नाही, हे एकाच किड्यात दिसतं का?

मॅडम: दिसतं, आणि हा पुरावा निसर्गानेच मांडून ठेवलाय. ऱ्होडनियसमध्ये ट्रिपॅनोसोमा रँजेली नावाचा दुसरा परजीवी राहतो. तो आतड्याची भिंत ओलांडतो, किड्याच्या शरीरातल्या द्रवात उतरतो आणि लाळग्रंथीत पोचतो. तो चाव्यातून माणसात जातो. माणसाला त्याच्यामुळे आजार होत नाही. किडा तोच, चावाही तोच. एक परजीवी तोंडातून जातो, दुसरा मागून. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा परजीवी त्सेत्से माशीच्या लाळेतून येतो. क्रूझी मात्र आतड्याची भिंत ओलांडत नाही. त्याची वाट गुदाशयातच संपते.

सर: म्हणजे ऱ्होडनियसच्या विष्ठेत परजीवी दिसला म्हणून तो क्रूझीच असं नाही. रँजेलीही आतड्यात असतो.

मॅडम: बरोबर. तिथे सूक्ष्मदर्शकावर थांबायचं नाही, पीसीआरने ओळख पटवायची.

इतका वेळ मॅडमची बाजू वरचढ वाटत होती. मग सरांनी रस काढला. हा शब्द मी शब्दशः वापरतोय.

सर: मग रसाचं काय करणार? २००७ साली कराकसच्या एका शाळेत पेरूचा रस प्यायल्याने शंभरावर लोकांना शागास झाला. आकडा १०३ चा आहे आणि एक लहान मूल दगावलं. त्याच्या दोन वर्षं आधी ब्राझीलच्या सांता कातारिनात उसाच्या रसातून असाच उद्रेक झाला. ॲमेझॉनच्या भागात असाई फळाच्या रसातून होतो. तिथे चावा नाही, खाजवणं नाही, एकाच पापणीची ती सूज नाही. तुमची सगळी कथा झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घडते. ही माणसं जागी होती, पेला हातात होता.

मॅडम: तुमचं म्हणणं मला पुढे न्यायचंय, तोडायचं नाही. आज ब्राझीलमध्ये नव्याने होणाऱ्या लागणींत तोंडावाटे होणाऱ्या लागणी मोठ्या संख्येने आहेत. कुत्री, ओपॉसम, आर्माडिलो असे प्राणी तर किडे खाऊनच बहुतांशी संसर्गित होत असावेत. निसर्गात ही वाट कदाचित जुनी आहे. पण रसात काय पडलं होतं ते पाहा. किडा रसाच्या भांड्यात पडतो किंवा फळाबरोबर चिरडला जातो. परजीवी कुठून आला? त्याच्या गुदाशयातून. जखमेत गेलं तेच मेटासायक्लिक रूप इथे पोटात गेलं. ते जठराच्या आम्लात तगून तिथल्या अस्तरात शिरतं. आणि चिरडलेल्या एका किड्यातून जेवढे परजीवी रसात जातात तेवढे एखाद्या थेंबातून जखमेत क्वचितच जात असतील. म्हणून हा आजार जास्त तीव्र दिसतो.

सर: म्हणजे तुमचं वाक्य बदलायला हवं. ‘खाजवल्यामुळे होतो’ हे अपुरं आहे.

मॅडम: बदलते. परजीवी किड्याच्या मागच्या आतड्यात असतो. ते आतडं जिथे रिकामं होईल किंवा फुटेल, तिथून तो जातो. जखमेत, डोळ्यात किंवा पेल्यात.

मला हे वाक्य पहिल्यापेक्षा खूप चांगलं वाटलं, आणि ते मॅडमच्या तोंडी आलं असलं तरी सरांच्या आक्षेपाशिवाय आलं नसतं. विद्यार्थिनीने ते लगेच लिहून घेतलं.

सर: आता मला सांगा, आपल्याकडे याचा काय उपयोग? आपल्याकडे क्रूझी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २००४ साली एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडला होता, पण तो गुराढोरांना सर्रा नावाचा आजार करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. जनावरांमध्ये तो चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो. त्या माणसाच्या रक्तात एक संरक्षक प्रथिन जन्मतःच काम करत नव्हतं, असं पुढे कळलं. आमच्यासमोर असा रुग्ण आला तर आम्हाला ती वाट माहीत हवी. क्रूझीची कशाला?

मॅडम: त्या रुग्णाच्या वेळी सुद्धा पहिला प्रश्न हाच होता ना, की परजीवी कुठल्या वाटेचा? माश्यांच्या सोंडेला लागलेल्या रक्ताने पसरणारा वेगळा, विष्ठेने पसरणारा वेगळा. आणि किडे आपल्याकडे नाहीत असं नाही. ट्रायटोमा रुब्रोफॅसिएटा नावाचा किडा जगभरच्या बंदरांमधून पसरला. भारतात तो आहे, उंदरांच्या आसपास राहतो, माणसालाही चावतो. त्याच्यात ट्रिपॅनोसोमा कोनोऱ्हायनी नावाचा परजीवी असतो. डोनोव्हन यांनी तो १९०९ साली मद्रासमध्ये वर्णन केला, ज्या वर्षी बेरेनिसीच्या रक्तात क्रूझी दिसला त्याच वर्षी. कोनोऱ्हायनीही विष्ठेच्याच वाटेचा.

सर: पण माणसाला त्याच्यापासून आजार नाही.

मॅडम: नाही. पण त्या किड्याच्या चाव्याने काहींना जोराची ॲलर्जी होऊ शकते. तिथे दोष खरोखर लाळेचा. आता समजा दक्षिण अमेरिकेतून परत आलेला कुणी आपल्याकडचा माणूस चाव्याची खूण दाखवत तुमच्या ओपीडीत आला. तुम्ही त्याला काय विचाराल?

सर: चावा कधी झाला, ताप आहे का.

मॅडम: मी आधी विचारीन, कुठल्या घरात झोपलात आणि किती रात्री. भिंतीवर काळे-पांढरे ओघळ होते का. गावाकडचा ताजा रस प्यायलात का. एका रात्रीच्या चाव्याला मी घाबरणार नाही. भेगांच्या भिंतीजवळ महिनाभर झोपला असेल तर तपासणी करीन.

सर: भिंतीवरचे ओघळ कशासाठी?

मॅडम: किडे भेगांमधून बाहेर येतात तेव्हा भेगेखाली विष्ठेचे ओघळ राहतात, काही काळपट, काही पांढरट. लॅटिन अमेरिकेत औषधफवारणी करणारी पथकं घर तपासताना किड्याइतकंच त्या ओघळांकडे पाहतात. दिवसा किडा भेगेत दडलेला असतो, ओघळ लपत नाहीत.

(‘सदर्न कोन’ म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या खालच्या देशांनी १९९१ पासून एकत्र फवारणी केली. १९९७ मध्ये उरुग्वे, १९९९ मध्ये चिली आणि २००६ मध्ये ब्राझील या देशांत ट्रायटोमा इन्फेस्टन्समुळे होणारा प्रसार थांबल्याचं मान्य झालं. घरातली किड्यांची संख्या खाली आली की संपर्क कमी होतात आणि सतराशेत एक असलेली वाट बंद पडते. सरांनी हा मुद्दा स्वतःहून काढला. ‘कच्ची वाट’ असल्याचा फायदा माणसाला इथे मिळतो, असं ते म्हणाले.)

सर: एक शेवटचं. तो प्रवासी खिशातून डबीत बंद केलेला किडा काढून माझ्या टेबलावर ठेवतो. मी काय करू?

मॅडम: पहिली गोष्ट, बोटाने चिरडू नका आणि त्यालाही चिरडू देऊ नका. हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा हवा, कारण चिमट्याने पोट दाबताना थेंब उडतो आणि ब्रुम्प्टनी सांगितलेलीच वाट तुमच्या डोळ्याला उघडते. काचपट्टीवर सलाइनचा एक थेंब घ्या. चिमट्याने किड्याचं पोट मागच्या टोकाकडे हलकं दाबा, बाहेर येणारं द्रव त्या थेंबात मिसळा आणि आच्छादन-काच ठेवून चारशेपट वाढवून पाहा. जिवंत परजीवी असतील तर हालचालीनेच ध्यानात येतात. नंतर रंगवून पाहा, आणि शंका असेल तर पीसीआर.

सर: आणि काहीच दिसलं नाही तर रुग्णाला घरी पाठवू?

मॅडम: नाही. हा किडा निगेटिव्ह आला, भिंतीतले बाकीचे किडे नाहीत. शिवाय किडा वाळलेला असेल तर हालचाल दिसणारच नाही. त्या रुग्णाची रक्ततपासणी करायचीच. नुकताच संपर्क असेल तर रक्तात परजीवी शोधा, काही आठवडे उलटले असतील तर प्रतिपिंडं. प्रतिपिंडं एका पद्धतीने तपासून निर्णय घ्यायचा नाही, दोन वेगळ्या पद्धतींनी जुळायला हवं.

सर: आणि पॉझिटिव्ह आला तर बेंझनिडाझोल, दोन महिने. ते माझं काम.

मॅडम: हो. पण औषध लिहिण्याआधी त्याला तो ज्या घरात राहिला त्याबद्दल विचारा. त्याच घरात झोपलेली आणखी माणसं असतील. त्यांच्यापैकी कुणी गरोदर असेल, कुणी रक्तदान करणार असेल. त्यांच्यापर्यंत निरोप पोचायला हवा.